स्मरणपत्र क्रमांक दोन

स्मरणपत्र क्र. 2 मला परवा आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये मिळालं, पाचव्या आणि चौथ्या मजल्यांच्या दरम्यान. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या काकू होत्या, त्यांचा नातू होता आणि तात्या होते. तात्यांनी सदऱ्याच्या खिशातून लांब घडीचा लिफाफा काढून माझ्या हातात ठेवला आणि काकूंना नीट ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "साहेब, पहिल्याचंही उत्तर नाही." काकूंनी नातवाला जवळ ओढून घेतलं. मी कुणाचे तरी पैसे बुडवलेत अशी त्यांची खात्री झाली असणार. आता ती बातमी भिशीपर्यंत पोचली असेल.

मी चाकणला गिअरबॉक्सचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर आहे. तात्या सरकारी खात्यातून निवृत्त झालेले आणि सध्या आमच्या सोसायटीचे सचिव. त्यांचा भाचा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याला आमच्याकडे इंटर्नशिप हवी आहे. मूळ प्रकरण एवढंच.

आधी भाच्याचा मेल आला होता. दिवाळीचा फराळ संपत आला की असे मेल सुरू होतात, कारण जानेवारीत मुलांचं शेवटचं सेमिस्टर सुरू होतं. मी ते चहाच्या वेळी मोबाईलवर बघतो, म्हणजे विषयाची ओळ आणि त्याखालच्या दोन-तीन ओळी. तेवढ्यात एखादा ऑपरेटर 'साहेब, तीन नंबरवर बोअर मोठा यायला लागलाय' म्हणून येतो आणि मेल तिथेच राहतो. भाच्याच्या मेलचा विषय होता 'रिक्वेस्ट फॉर इंटर्नशिप अपॉर्च्युनिटी'. त्या आठवड्यात आलेल्या सगळ्याच मेलचा तोच होता. सुरुवात 'डिअर सर/मॅडम'. माझं नाव आईवडिलांनी अगदी निःसंदिग्ध पुरुषी ठेवलंय आणि ते मेलच्या पत्त्यातच आहे, पण मुलाने दोन्ही शक्यता खुल्या ठेवल्या होत्या. पुढे तो अत्यंत प्रेरित असल्याचं, भराभर शिकत असल्याचं आणि त्याच्या अंगी नेतृत्वगुण असल्याचं निवेदन होतं. मग 'तुमच्या प्रतिष्ठित' असं म्हणून आमच्या कंपनीचं नाव. बाकीचा मजकूर काळा, आमचं नाव मात्र करड्या रंगात आणि जरासं मोठ्या टायपात. वेबसाइटवरून उचलून चिकटवलेलं स्पष्ट दिसत होतं. आमची प्रतिष्ठा एवढीच, की त्या जागी याआधी कुणाचं नाव होतं ते आम्हाला कळू दिलं नाही.

सोबत Resume_final_final2.pdf. त्यात कौशल्यांच्या पट्ट्या. सॉलिडवर्क्स 90 टक्के, ॲन्सिस 75 टक्के, टीमवर्क 95 टक्के. हे टक्के कोण मोजतं, मला खरंच जाणून घ्यायचंय. सॉलिडवर्क्समध्ये मी पंधरा वर्षं घासतोय आणि स्वतःला सत्तर द्यायलाही हात कचरेल. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर वाचता येतात का, याची पट्टी कुठेच नव्हती. प्रकल्पांत 'ड्रिलिंग फिक्स्चरचे डिझाइन व निर्मिती' अशी एक ओळ. शेवटी 'ॲव्हेलेबल इमिजिएटली'. म्हणजे कधी? मेल नोव्हेंबरातला आणि तोंडावर त्याची सातव्या सेमिस्टरची परीक्षा. लगेच ये म्हटलं असतं, तर सगळ्यात आधी तोच घाबरला असता.

मुलांना हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. मॅनेजरला आधी तारखा हव्या असतात. पंधरा दिवसांचा इंटर्न हा पाहुणा असतो. पहिले दोन दिवस सेफ्टीच्या प्रशिक्षणात जातात, आठवडा कुठल्या मशिनवर काय चालतं हे कळण्यात जातो, आणि जरा हाताशी आला की तो पेढे देऊन निघून जातो. तेच पोरगं चार महिने, आठवड्यातले चार दिवस येणार असेल, तर माझ्याकडे त्याच्यासाठी काम आहे. आमच्या एका लाइनवर एक पार्ट बंद करून दुसरा लावायला पाऊण तास जातो. त्यातला कुठला वेळ मशीन थांबवूनच घालवावा लागतो आणि कुठलं काम मशीन चालू असताना आधीच उरकता येतं, हे कुणीतरी घड्याळ घेऊन उभं राहून रोज लिहायला हवंय. माझ्या माणसांना ते जमत नाही, कारण त्यांना उत्पादन काढायचंय. हे काम इंटर्नचंच. पण 'लगेच उपलब्ध' या दोन शब्दांवरून तो मला पंधरा दिवस मिळणार आहे की चार महिने, हे मी कसं ओळखायचं?

तर मी त्या मेलला उत्तर दिलं नाही. अशा मेलना मी उत्तरं देत नाही, माझ्या ओळखीतलं कुणीच देत नाही, आणि याबद्दल कुणी मला लिफ्टमध्ये गाठावं असं मला वाटत नाही.

पुढच्या रविवारी सकाळी बेल वाजली. मी बनियन आणि बर्म्युड्यावर, हातात पोह्यांची बशी. दारात इस्त्रीच्या सदऱ्यात तात्या, काखेत फाइल.

"अर्ज द्यायचा होता," तात्या म्हणाले.

मला वाटलं पार्किंगचा विषय असेल. त्यांनी फाइलीतून दोन कागद काढले. दोन्ही सारखेच.

"ही मूळ प्रत. आणि ही आमची स्थळप्रत. हिच्यावर पोच द्या."

मी बशी शू-रॅकवर ठेवून वाचायला लागलो. 'प्रति, मा. उत्पादन व्यवस्थापक. विषय : दि. 5 जानेवारी ते 30 एप्रिल 2026 या कालावधीत इंटर्नशिपसाठी प्रवेश मिळणेबाबत. संदर्भ : अर्जदाराचा यापूर्वीचा ई-मेल. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की...'

"तात्या, मेल आलाय मला त्याचा."

"आलाय ना? मग पोच?"

"मेलला पोच नसते हो."

"मग तो आला हे आम्हाला कसं कळणार?"

"मी सांगतोय ना, आलाय."

"हे तोंडी झालं. वाचलात?"

"वाचला."

"मग निर्णय?"

मी पोह्यांकडे बघितलं. ते निवत होते. तात्या शांतपणे म्हणाले, "म्हणूनच पोच. नोकरीत सगळी वर्षं एकच शिकलो साहेब. ज्या कागदाला पोच नाही, तो कागद झालाच नाही."

आतून बायको म्हणाली, "अहो, त्यांना आत तरी बोलवा." तात्या म्हणाले, "नको वहिनी, मी कामासाठी आलोय." म्हणजे मी काय दारात हवा खात उभा होतो?

"भाच्याला पाठवायचंत ना," मी म्हटलं.

"त्याला म्हटलं, ये माझ्याबरोबर. तर म्हणतो, मामा, असं कुणी करत नाही, लिंक्डइनवर कनेक्ट करायचं असतं. केलं म्हणे त्याने तुम्हाला कनेक्ट. झालात का तुम्ही?"

"बघतो."

"बघा. पण मी त्याला विचारलं, सक्षम अधिकारी कोण? निर्णय कुणाच्या सहीने होतो? तो म्हणाला, एचआरचा एक कॉमन आयडी आहे, तिथेही टाकलाय. म्हटलं, वेड्या, कॉमन आयडी म्हणजे आवक बारनिशी. तिथे नुसती नोंद होते, निर्णय होत नाही. ज्याच्या हाताखाली तू काम करणार, त्याच्या टेबलावर कागद जायला हवा."

मी गप्प झालो. आमचे सगळे इंटर्न असेच येतात. खातेप्रमुखाने एचआरला 'हा मुलगा मला हवा' असं कळवलं की मगच एचआर हलतं. हे त्या कॉमन आयडीवर लिहिणाऱ्या एकाही पोराला ठाऊक नसतं आणि तात्यांनी ते कारखान्याचं गेटसुद्धा न बघता ओळखलं होतं. मला याचा आनंद झाला नाही.

"द्या पेन," मी म्हणालो आणि सही केली.

तात्यांनी सही उलटसुलट बघितली. "शिक्का?"

"तात्या, रविवार आहे. घरी कंपनीचा शिक्का नसतो."

"असू द्या." त्यांनी पिशवीतून शाईचं पॅड काढलं, मग लाकडी मुठीचा शिक्का काढला आणि माझ्या शू-रॅकवर, पोह्यांच्या बशीच्या शेजारी, दोन्ही प्रतींवर तो दाबला. तो आमच्या सहकारी गृहरचना संस्थेचा होता. मध्ये 'आवक', खाली तारीख, खाली क्रमांकाची रेघ. क्रमांक त्यांनी हाताने घातला. म्हणजे चाकणच्या एका कारखान्यातल्या इंटर्नशिपचा अर्ज आज माझ्या सोसायटीच्या आवक रजिस्टरात आहे. त्याच्या वरची नोंद पाण्याच्या टाकीच्या सफाईची आहे, खालची बी विंगमधल्या कुत्र्याची.

"पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास स्मरणपत्र येईल," असं म्हणून ते गेले. मी पोहे पुन्हा गरम करून खाल्ले. गरम केलेले पोहे म्हणजे काय असतं ते ज्यांनी खाल्लेत त्यांना माहीत आहे.

माझा मुख्य राग पुढे आहे. तो अर्ज मी त्या दुपारी वाचला आणि तो चांगला होता. भाषा जिल्हा परिषदेची, पण मला हवं ते सगळं पहिल्या कागदावर. कालावधी विषयातच. खाली 'सोमवार ते गुरुवार पूर्णवेळ उपलब्ध. शुक्रवारी महाविद्यालयात प्रकल्प मार्गदर्शकांची भेट. मे महिन्यात विद्यापीठाची परीक्षा असल्याने मुदतवाढ शक्य नाही'. राहायला निगडी, स्वतःची दुचाकी. 'अर्जदारास व्हर्नियर, मायक्रोमीटर व हाइट गेज वापरता येतात; सॉलिडवर्क्समध्ये पार्ट व ड्रॉइंग करता येते; ॲन्सिस केवळ अभ्यासक्रमापुरते.' हे 'केवळ अभ्यासक्रमापुरते' वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. असं लिहिणारा माणूस मला वीस वर्षांत भेटलेला नाही. टीमवर्कचा उल्लेख नव्हता.

आणि 'सहपत्र 1 : प्रकल्पाची वस्तुस्थिती'. तात्यांनी भाच्याला समोर बसवून खात्यातल्या चौकशीसारखं विचारलेलं दिसत होतं, कारण पोराने एका ओळीत गुंडाळलेलं इथे पानभर पसरलं होतं. भोसरीत त्याच्या मित्राच्या वडिलांचं छोटं वर्कशॉप आहे. तिथे एका फ्लँजला चार भोकं पाडायची असतात, 8.5 मिलिमीटरची, पुढे त्यांत एम-10 चे आटे पडतात. आधी प्रत्येक नगावर हाइट गेजने रेघा मारून, पंच करून भोक पाडायचे. एका नगाला साधारण सहा मिनिटं. पोराने एक जिग केली. फ्लँज मधल्या बोअरवर बसते, वरच्या प्लेटमध्ये कडक केलेल्या चार बुश असतात आणि ड्रिल त्यातून उतरतं. वेळ दोन मिनिटांच्या आत आला.

इथवर कुणीही लिहील. पण तात्यांनी पुढचा प्रश्न विचारला असणार, 'मग त्रुटी काय निघाल्या?' पहिल्या तीस नगांपैकी चार रिजेक्ट झाले. गंमत म्हणजे वरून मोजलं तर चारही भोकं जागेवर, आणि खालच्या बाजूने मोजलं तर सरकलेली. म्हणजे भोक तिरकं गेलंय. बुशची जागा चुकली असती तर सगळेच नग सारखे चुकले असते. इथे मधलाच एखादा चुकत होता, म्हणजे दोष प्लेटमध्ये नव्हता, नग बसण्यात होता. पोराने जिग उघडून बघितली, तर फ्लँज जिथे टेकते त्या तोंडावर चिप अडकलेली. एवढीशी चिप, पण तिने नग एका बाजूने उचलला की झालं. मग त्याने टेकणारं तोंड अखंड ठेवण्याऐवजी तीन ठिकाणी उंचवटे ठेवून बाकीचं खोल केलं, चिपा पडायला जागा केली आणि प्रत्येक नगाआधी ब्रश मारायचा नियम घातला. पुढच्या तीस नगांत एकही गेला नाही. सोबत मोजमापांचा तक्ता होता, वरचं आणि खालचं माप वेगवेगळ्या रकान्यांत.

हे वाचल्यावर मुलाखतीत विचारायला मला काही उरलंच नाही. ज्याला 'मधलाच एखादा चुकतोय' यावरून 'बसण्यात गडबड आहे' इथवर पोचता येतं, त्याला मी उद्या लाइनवर उभा करीन. आणि हे सगळं त्या पोराने मेलमध्ये 'ड्रिलिंग फिक्स्चर' या एका ओळीत टाकून, वर टीमवर्कला 95 टक्के दिले होते. कॉलेजात रेझ्युमेवर वर्कशॉप घेतात म्हणे. बाहेरून कुणी सूटवाला येतो, 'स्वतःला विका' म्हणतो, पट्ट्या काढायला शिकवतो आणि मानधन घेऊन जातो. त्याच्याऐवजी एखादा निवृत्त अव्वल कारकून बोलवा. स्वस्तात पडेल.

दुसऱ्या दिवशी मी एचआरला कळवलं, की हा मुलगा मला हवा. इथून पुढचं उत्तर तात्यांना कसं द्यायचं ते मला कळत नाहीये.

एचआर म्हणालं, कॉलेजचं पत्र आणा, अपघात विम्याची प्रत आणा, मग ऑफर लेटर देतो. मागणी रास्त आहे. शॉपवर पोराच्या पायावर जॉब पडला तर काय, हा प्रश्न कुणाला तरी पडायलाच हवा. कॉलेज म्हणालं, आधी कंपनीचं ऑफर लेटर आणा, मग पत्र देतो. तिथल्या सरांना मी स्वतः फोन केला. ते म्हणाले, "सर, आम्ही सगळ्यांना पत्रं वाटत बसलो तर अर्धे विद्यार्थी इंटर्नशिपच्या नावाखाली घरी झोपतील." हेही रास्त आहे. दोन्ही बाजू रास्त आणि पोरगं मध्ये.

अप्रेंटिस असता तर हे झालं नसतं. 1961 चा कायदा आहे, तीस किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. त्याला पोर्टल आहे, करार आहे, ठरलेला स्टायपेंड आहे, एचआरमध्ये त्यासाठी वेगळी फाइल आहे. पण शेवटच्या वर्षातल्या या इंटर्नला आमच्या व्यवस्थेत जागाच नाही. अभ्यासक्रमात इंटर्नशिप घातली, तिला क्रेडिट लावले, हजारो मुलं एका हंगामात रस्त्यावर सोडली, आणि त्यांना आत घेण्याचं बंधन कुणावरच ठेवलं नाही. मग दुकानं निघाली. पैसे भरा, घरी बसा, महिन्याने सर्टिफिकेट मेलवर. असली सर्टिफिकेटं जोडलेले रेझ्युमे माझ्याकडे येतात. त्यांची बॉर्डर आमच्या कंपनीच्या सर्टिफिकेटपेक्षा कितीतरी चांगली असते. त्या पोरांना मी काय नावं ठेवू? खऱ्या कारखान्याला लिहिलं तर माझ्यासारखा माणूस चहा पिता पिता मेल सरकवतो, दुकानाला लिहिलं तर दहा मिनिटांत उत्तर येतं.

कोंडी तात्यांनीच फोडली. त्यांनी कॉलेजच्या प्राचार्यांना आणि आमच्या एचआरला एकच पत्र पाठवलं, दोघांनाही 'प्रत माहितीसाठी सविनय सादर'. शेवटची ओळ अशी : 'दोन्ही कार्यालयांनी परस्परांच्या पत्राची प्रतीक्षा चालू ठेवल्यास, कालावधी समाप्त झाल्याचे अर्जदारास कोणी कळवावयाचे, याबाबत मार्गदर्शन व्हावे.' आमच्या एचआरच्या मुलीला मराठी सफाईने वाचता येत नाही. तिने ते मला मोठ्याने वाचून दाखवायला लावलं आणि घाबरून सशर्त ऑफर लेटर काढलं. तिला वाटलं कोर्टाची नोटीस आहे.

राहिला स्टायपेंड. लिफाफ्यातल्या स्मरणपत्रात मुद्दा क्र. 3 तोच आहे : 'मानधनाबाबत अद्याप मौन.' मी महिना आठ हजार सुचवलेत. त्यातून पेट्रोल आणि कॅन्टीन निघेल. फुकट राबवायला मला लाज वाटते, आणि फुकट येणाऱ्याला सोमवारी सकाळी साडेआठला ये म्हणायला तोंड राहत नाही. काल अकाउंट्सच्या भाऊंकडे गेलो. त्यांनी कॉम्प्युटरवर बराच वेळ शोधाशोध केली. पगारात बसत नाही, कारण तो कर्मचारी नाही. अप्रेंटिसमध्ये बसत नाही, कारण करार नाही. ट्रेनिंगचं बजेट आहे, पण ते आमच्या कर्मचाऱ्यांना बाहेर पाठवण्याचं आहे, बाहेरच्यांना आत आणण्याचं नाही. शेवटी त्यांचा चेहरा उजळला.

"हाऊसकीपिंग, इतर," ते म्हणाले. "फिनाईलमधले उरलेत. चार महिने सहज निघतील. फक्त साहेब, त्याचं जीएसटी बिल मिळेल ना?"